पेटती असताना उतरवून ठेवलेली माळ वर्षभराने निम्मी का विझते? सजावटीच्या खोक्याची तपासणी

दरवर्षी तोच प्रकार. सण संपल्यावर उतरवली तेव्हा माळ शेवटच्या दिव्यापर्यंत पेटत होती, हे आपण स्वतः पाहिलेलं असतं. वर्षभराने खोकं उघडून प्लग लावावा, तर मधला एक तुकडा काळा. काचेचे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, सुती पडद्यावर पिवळे ठिपके आणि झाकण उघडताच येणारा कुबट वास. मग नवी माळ, नवं कापड आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी चिडून सगळं टाकून देण्याऐवजी खोक्यातली एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि कोण कोणाला चिकटून पडलं होतं ते पाहिलं. खोकं ५० लिटरचं, प्लास्टिकचं, घट्ट झाकणाचं. तळाशी साधारण २ किलो सुती कापड, धुऊन घडी केलेलं. त्यावर थर्माकोलच्या ट्रेमध्ये रबरबँड लावलेली माळ. बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे गोळे. कोपऱ्यात सिलिका जेलच्या ५-५ ग्रॅमच्या दोन पुड्या. म्हणजे निष्काळजीपणा कुठेच नव्हता, आणि म्हणूनच चूक सापडायला तीन वर्षं लागली.

आधी माळ: तुकडाच का विझतो

साध्या एलईडी माळेत दिवे गटागटाने एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. लाल किंवा पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. म्हणून घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या माळेत बरेच दिवे एका ओळीत बसवतात. ओळीत कुठेही एक जोड तुटला की तो अख्खा गट विझतो, बाकीचे गट पेटत राहतात. पूर्ण माळच मेली असेल तर आधी प्लग, फ्यूज आणि कंट्रोलरची डबी बघा. पण एक सलग तुकडाच काळा असेल, तर दोष त्या तुकड्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिव्याच्या मध्येच कुठेतरी आहे. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. मग काळ्या तुकड्यातला एकेक दिवा हलक्या हाताने दाबून पाहा. होल्डरमधून सुटणारे दिवे असतील तर एकेक बाहेर ओढून त्याचे दोन्ही पाय बघा. पाय चकचकीत असतील तर पुन्हा बसवा. तांबूस गंज असेल, पाय मुळाशी तुटला असेल किंवा होल्डरमधल्या तांब्यावर हिरवट पूड दिसत असेल, तर दोष सापडला. एलईडीचे पाय बहुतेकदा कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे असतात. मुलामा खरवडला गेला की ओल लागायचा अवकाश, गंज धरतो.

डोळ्यांना काही दिसत नसेल तर सुटा काढलेला दिवा मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासा. तारा एका बाजूने लावल्यावर काही दिसलं नाही तर अदलाबदल करून पाहा, कारण एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. लाल-पिवळे दिवे बहुधा मंद उजळतात. निळे-पांढरे काही मीटरवर उजळत नाहीत, कारण मीटर तेवढे व्होल्ट देतच नाही. तेव्हा पांढरा दिवा लागला नाही म्हणून लगेच तो मेला असं समजू नका, पेटत्या गटातल्या तशाच दिव्याशी तुलना करा. बझरच्या खुणेवर तर चांगला एलईडीही वाजत नाही. ती खूण फक्त दोन दिव्यांमधली तार तपासायला वापरा.

बिघडलेल्या दिव्याच्या जागी त्याच रंगाचा, त्याच जातीचा दिवा बसवा, पायांची दिशा तीच ठेवून. मेलेला दिवा कापून दोन तारा पिळून जोडण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण त्याने त्या दिव्याचे व्होल्ट उरलेल्यांवर पडतात आणि प्रवाह वाढतो. एक काढल्याने कदाचित काही होणार नाही. दरवर्षी एक काढत गेलात तर उरलेले तापून एकामागून एक जातील. शिवाय पिळलेला उघडा जोड घरच्या विजेवर चालणाऱ्या माळेत ठेवणं धोक्याचंच.

माझ्या माळेत सात दिव्यांच्या पायांवर गंज होता. सातही दिवे वेटोळ्याच्या खालच्या बाजूचे, कापडाकडे तोंड केलेले. तिथे पहिल्यांदा कापडाचा संशय आला.

ओल बाहेरून येत नाही, आपणच आत ठेवतो

खोकं घट्ट बंद आहे, वर सिलिका जेल आहे, मग ओल आली कुठून? याचं उत्तर आकडेमोडीत सापडतं. ३० अंशाच्या अगदी दमट हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं. ५० लिटरच्या खोक्यातल्या हवेत म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. पुड्यांच्या जोरावर एवढ्याची सोय होऊ शकते.

कापडाचा हिशोब मात्र वेगळा. सुती कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही त्यात पाणी असतं. आजूबाजूच्या हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर कोरड्या वजनाच्या ६-६.५ टक्के, आणि ८० टक्के असेल तर १० ते ११ टक्के. म्हणजे २ किलो कापड दमट संध्याकाळी घडी करून ठेवलं, तर कोरड्या दिवशी ठेवलेल्या कापडापेक्षा त्यात साधारण ८० ते १०० ग्रॅम पाणी जास्त. अर्धा पेला पाणी मी दरवर्षी खोक्यात ओतून झाकण लावत होतो. सिलिका जेल मध्यम आर्द्रतेत स्वतःच्या वजनाच्या पाचवा ते चौथा हिस्सा पाणी धरतं. म्हणजे ५ ग्रॅमची पुडी एक ग्रॅमच्या आसपास. एवढं पाणी शोषायला चार-पाचशे ग्रॅम जेल लागलं असतं. माझ्या दोन पुड्या म्हणजे पुरात लावलेला टिपकागद.

घट्ट झाकणाने तर अजूनच घोटाळा केला. पाणी आत अडकलं, बाहेर जाईना. खोकं बाहेरच्या भिंतीला टेकून पोटमाळ्यावर होतं. दिवसा ते तापायचं, कापड थोडी वाफ सोडायचं. रात्री भिंत थंड झाली की ती वाफ सर्वांत गार वस्तूंवर, म्हणजे धातूच्या पायांवर आणि काचेवर बसायची. रोज थोडं थोडं, वर्षभर. खोक्यात आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर बुरशी धरायला लागते. कुबट वास तिचाच.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोलाचा उपाय पॅकिंगचा नाही, दिवस निवडण्याचा आहे. कोरड्या हवेच्या दिवशी, दुपारी पॅक करा. संध्याकाळनंतर हवा गार होते तशी तिची आर्द्रता वाढते, आणि आपल्याला नेमका वेळ मिळतो तो संध्याकाळीच. कापड उलगडून सावलीत पंख्याखाली तीन-चार तास टाका. कोरडं झालं का हे हाताने कळत नाही, काट्यावर कळतं. एक घडी वजन करा, तासाने पुन्हा करा. वजन उतरत असेल तर अजून थांबा, स्थिरावलं की त्या हवेत निघण्याजोगं पाणी निघालं.

गंमत अशी की असं वाळवलेलं सुती कापडच मग पहारेकऱ्याचं काम करतं. खोक्यात नंतर जी थोडी ओल शिरेल ती तेच पिऊन टाकतं, कुठल्याही पुडीपेक्षा जास्त. पॉलिएस्टरचं कापड या कामाचं नाही. ते अर्धा टक्काही पाणी धरत नाही, म्हणून आत ओल घेऊन येत नाही आणि आतली ओल पितही नाही.

खात्री करायची तर छोटा आर्द्रतामापक खोक्यात ठेवून झाकण लावा आणि एक दिवसाने उघडून लगेच आकडा बघा. ५५ च्या खाली असेल तर खोकं वर टाका. ६५ च्या वर असेल तर सगळं पुन्हा बाहेर काढा, पुड्या वाढवून भागणार नाही. मधल्या आकड्याला मी ५० ग्रॅमच्या दोन मोठ्या पुड्या टाकतो. नारिंगी दाण्यांची जात असेल तर दाणे हिरवे झाले की ती भरली असं समजायचं. ओव्हनमध्ये १२० अंशाला दोनेक तास ठेवली की पुन्हा नारिंगी होते. मात्र दाणे कशात भरलेत ते बघा, प्लास्टिकची पुडी ओव्हनमध्ये वितळेल. आणि खोकं पुठ्ठ्याचं किंवा पिशवी कापडी असेल तर सिलिका जेलच्या नादी लागू नका. आजूबाजूची हवा सतत आत येत राहते आणि पुड्या आठवडाभरात भरून जातात.

चुकीचे शेजारी

ओलीचा उलगडा झाला तरी एक कोडं उरलं होतं. थर्माकोलच्या ट्रेवर तारेच्या आकाराचे खोल, चिकट चर पडले होते, जणू तापलेली तार टेकवली होती. माळ तर वर्षभर बंद.

याचं कारण तारेवरचं पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते वळावं म्हणून त्यात तेलासारखं मऊ करणारं द्रव्य मिसळतात. ते द्रव्य कायम आत बसून राहत नाही. थर्माकोलला, म्हणजे पॉलिस्टायरिनला, तार टेकून राहिली की ते तिकडे सरकतं. तिकडे थर्माकोल विरघळल्यासारखा चिकट होतो, इकडे तारेचं आवरण ते द्रव्य गमावून कडक होतं आणि पुढे वाकवताना तडकतं. उष्णतेत हे वेगाने घडतं. म्हणजे मऊ गादी म्हणून दिलेला ट्रे दोन्हीकडून नुकसान करत होता. चमकदार प्लास्टिकचे गोळे आणि तारे पुष्कळदा याच पॉलिस्टायरिनचे असतात, तेव्हा माळ त्यांच्यावरही टाकू नका. मध्ये साधा कागद किंवा सुती फडकं असलं की पुरे.

रबरबँडही काढले. रबरात गंधक असतं. जुना रबरबँड विरघळून तारेला चिकटतो, आणि चांदीचा किंवा तांब्याचा अंश असलेली जरीची किनार जवळ असेल तर ती काळी पडते. जरीची किनार मधेच एका रेषेत काळवंडलेली दिसली, तर तिथे आधी रबरबँड होता का ते आठवून बघा. बांधायला सुती नाडी वापरा. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद वर्षभरात कापडात उतरतो आणि धुऊन जात नाही.

डांबराच्या गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. कसर लागते ती लोकर आणि रेशमाला, सुती आणि पॉलिएस्टरच्या सजावटीला त्यांचा फारसा उपयोग नाही. बुरशी त्यांनी थांबत नाही. आणि त्यांची वाफ थर्माकोलला व काही प्लास्टिकला मऊ करते. मी त्या खोक्यातून कायमच्या काढल्या.

खोकं स्वतः कशाचं आहे तेही उलटून बघा. तळाच्या त्रिकोणात ५ किंवा २ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा जास्त घनतेचं पॉलिथिलिन, वर्षानुवर्षं स्वस्थ राहणारं. ३ म्हणजे पीव्हीसी. चेन लावलेल्या, वास येणाऱ्या, मऊ पारदर्शक पिशव्या पुष्कळदा याच असतात. त्यांत जरीचं किंवा रंगवलेलं काही ठेवू नये.

गुंडाळण्याची चूक

काही माळांत ना गंज, ना तुटका पाय, तरी तुकडा मेलेला. अशा वेळी तारेच्या आतलं तांबं तुटलेलं असतं, वरचं आवरण मात्र धड. पेटत्या माळेला हात लावून हलवल्यावर दिवे लुकलुकले तर हेच समजायचं, आणि ती माळ टाकून द्यायची. आत तुटक्या टोकांमध्ये ठिणगी पडत असते.

तांब्याचे केसासारखे धागे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकले की तुटतात, आणि ती जागा बहुधा होल्डरच्या तोंडाशी असते. कोपर आणि अंगठ्याभोवती माळ गुंडाळणं यासाठी सर्वांत वाईट. तिथे होल्डर कसाही वाकतो, आणि वर प्रत्येक वेढ्याला तारेत एक पीळ भरला जातो. पन्नास वेढे म्हणजे पन्नास पीळ. उलगडताना जो गुंता होतो तो हाच, आणि आपण तो ओढून सोडवतो.

एक साधारण ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, जाड आणि कोरडा पुठ्ठा घ्या. एका कडेला खाच पाडून प्लगचं टोक तिच्यात अडकवा. आता हात पुठ्ठ्याभोवती फिरवू नका. तार एका हातात सैल धरून पुठ्ठाच फिरवा, दोरी रिळावर घेतात तसा. याने तारेत पीळ जात नाही. पुढच्या वर्षी सोडतानाही पुठ्ठाच फिरवायचा. पुठ्ठा धरून वेढे एका कडेने ओढून काढले की पीळ पुन्हा भरतो आणि सगळी मेहनत वाया. वेढे बोट शिरेल इतके सैल ठेवा. दिवे पुठ्ठ्याच्या सपाट भागावर यावेत, कडेवर होल्डर दुमडता कामा नये. मोठ्या माळेला हे वीसेक मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण एकट्याने होतं.

त्याआधी दोन कामं. बाहेर लावलेली माळ असेल तर ओल्या फडक्याने पुसून (प्लग काढून, अर्थात) एक दिवस वाळवा. धुळीतले क्षार ओल ओढतात. आणि सेलवर चालणाऱ्या माळांचे सेल काढा. अल्कलाइन सेल गळला की डबीच्या पत्र्यावर पांढरी पापडी धरते. गळून गेलाच असेल तर हातमोजे घालून, कानकोरणीच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग जरा ओल्या बोळ्याने आणि शेवटी कोरड्याने. पत्रा खाल्ला गेला नसेल तर डबी पुन्हा चालते.

कापडावरचे पिवळे डाग

ठेवताना डाग नव्हता, काढताना आहे. हा जादूटोणा नसून साखरेचा किंवा तेलाचा न दिसणारा शिंतोडा असतो. सांडलेलं सरबत किंवा तेलकट बोट त्या दिवशी दिसत नाही, पण महिनोन्महिने हवेशी संयोग होऊन तो भाग पिवळा, मग तपकिरी होतो. म्हणून फक्त एकदाच लावलेला पडदाही धुऊनच ठेवायचा, स्वच्छ दिसतो म्हणून सोडायचा नाही. ठेवणीच्या धुण्यात खळ घालू नका. तिच्यावर किडे येतात आणि घडीवर कापड चिरतं. खळ आणि इस्त्री पुढच्या वर्षी, लावायच्या आदल्या दिवशी.

घडी दरवर्षी वेगळ्या रेषेवर घाला. गेल्या वर्षी अर्ध्यात मोडलं असेल तर यंदा तीन भागांत. जरीचं किंवा टिकल्यांचं कापड घडीच घालू नका, सुती कापडात घेऊन नळीवर सैल गुंडाळा, टिकल्या बाहेरच्या बाजूला ठेवून. आत ठेवल्या तर त्या एकमेकींवर दाबल्या जाऊन दोरा कापतात.

गोळे

काचेच्या गोळ्यांचं थोडक्यात. वर्तमानपत्राची शाई फिकट रंगावर उतरते, आणि फुगेदार प्लास्टिक चकचकीत रंगाला थेट लागून उन्हाळाभर तापलं तर गोल गोल ठसे उमटतात. आधी पांढरा आम्लरहित पातळ कागद, मग वाटलंच तर त्यावर फुगेदार प्लास्टिक. गोळ्याची धातूची टोपी काढून वेगळी ठेवली तर उत्तम, कारण गंज तिथूनच सुरू होतो आणि चांदीसारखा आतला मुलामा टोपीखालच्या कडेपासून सुटतो. चिकटलेले गोळे ओढू नका. गार, कोरड्या खोलीत काही तास ठेवून हलकेच पिळून बघा. रंग मऊ असताना ओढले तर सालच निघते.

खोक्यात मांडणी आता अशी आहे: तळाशी वाळवलेलं कापड, मध्ये सुती फडकं, त्यावर पुठ्ठ्यावरच्या माळा उभ्या, आणि गोळ्यांचा कप्पा सर्वांत वर, कारण त्यावर काहीच ठेवायचं नसतं. खोकं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवून आतल्या कपाटात आलं. आर्द्रतामापक झाकणाला आतून टांगलेला आहे. सहा महिन्यांनी, दमट दिवस संपल्यावर एकदा झाकण उघडून आकडा बघतो. यंदा ५२ होता. सातही जागी नवे दिवे बसवलेली जुनीच माळ या वेळी शेवटच्या दिव्यापर्यंत पेटली.